माफीचा निरोप आणि नवी वेळ

शुक्रवार, १३ जून. रात्री ९.३०

डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसलं की 'सॉरी, काल येता आलं नाही' असे निरोप रोज वाचायला मिळतात. त्यातले बरेचसे इतके नम्र असतात की वाचून वाईट वाटतं, पण त्यावरून नवी वेळ लावता येत नाही. कुणाची वेळ, कोणत्या डॉक्टरांकडे, कशासाठी, आता कधी जमेल, यातलं काहीच त्यात नसतं. मग उलट फोन करायचा, तो उचलला जात नाही, आणि निरोप तसाच पडून राहतो. माफी एका वाक्यात होते. बाकीची जागा माहितीला द्यावी, असं माझं मत पक्कं होत चाललंय.

आज आलेला एक निरोप मात्र नीट होता, म्हणून उतरवून ठेवते.

'नमस्कार मॅडम. गुरुवार, १२ जून, सकाळी १०.३० ला आईची वेळ होती. आम्ही आलो नाही आणि फोनही केला नाही, माफ करा. फाईल नंबर ४८२१, वय ६७. डायबेटीसमुळे पडद्याची वर्षाची तपासणी, ड्रॉप्स घालून. आई उपाशी होती, निघताना साखर उतरून घाम फुटला, त्या गडबडीत कळवायचं राहिलं. आता बरी आहे. सोमवार १६ किंवा बुधवार १८, दुपारी ३ नंतर कधीही चालेल. सोबत मी असेन. बीपीची गोळी चालू आहे. याच नंबरवर कळवा, मी मुलगा.'

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कामाचं आहे. फाईल नंबर पहिला. निरोप मुलाच्या फोनवरून येतो, फाईल आईच्या नावावर असते, आणि तिथेही आधारवरचं नाव वेगळं, घरचं वेगळं, क्वचित माहेरचं. नुसतं 'आईची अपॉइंटमेंट होती' लिहिलं तर शोधायचं कुठे? नंबर सापडत नसेल तर मागच्या कागदावर वर छापलेला असतो. तोही नसेल तर फाईलवरचं पूर्ण नाव आणि नोंदवलेला मोबाईल लिहावा.

दुसरं म्हणजे तारीख आणि वार दोन्ही. 'परवाची वेळ चुकली, परवा चालेल का?' असा निरोप खरोखर येतो. आपल्या भाषेत परवा मागेही जातो आणि पुढेही. शिवाय रात्री ११ ला लिहिलेलं 'उद्या' सकाळी ९ ला वाचणाऱ्यासाठी 'आज' झालेलं असतं.

तिसरं, 'ड्रॉप्स घालून'. हे दोन शब्द वाचले की वेळ किती लांबीची द्यायची ते कळतं. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की डॉक्टरांना पडदा नीट दिसतो, पण बाहुली पुरती मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. डायबेटीस जुना असेल तर अनेकदा त्याहून जास्त, कधी थेंब पुन्हा घालावे लागतात. म्हणून १०.३० ची वेळ म्हणजे १०.३० ला डॉक्टरांसमोर नव्हे. आधी चष्म्याचा नंबर, डोळ्याचं प्रेशर, मग थेंब, मग बाकावर बसणं. न कळवता न येण्याचा फटका इथेच बसतो. तासभर आधी फोन आला असता तर बाहेर थांबलेल्या कुणाला तरी थेंब घालून त्या जागी तयार ठेवता आलं असतं. १०.५० ला कळून उपयोग नाही. तोवर नवा माणूस तयार व्हायला ११.२० होतात आणि मागची सगळी रांग सरकते. उशिरा येणाऱ्यांनाही हेच लागू. '१५ मिनिटंच झाली' हे खरं असतं, पण थेंबांचा अर्धा तास त्यानंतर सुरू होतो.

सोबत माणूस आहे हे लिहिलं ते उत्तम. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड डोळ्यांत खुपतो. स्वतः गाडी चालवत आलेल्यांना परत पाठवायची वेळ येते, म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा वाया. बीपीचा उल्लेखही योग्य जागी आहे. काही थेंबांत बीपी वाढवू शकणारं औषध असतं. आधी ठाऊक असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरे थेंब काढून ठेवता येतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही असाच एका ओळीत लिहावा.

आता कारण. साधारणपणे कारण लांबलं की निरोप बिघडतो. पाहुणे, पाऊस, ऑफिस यांचं वर्णन आम्हाला लागत नाही आणि खरंखोटं कुणी तपासतही नाही. पण नवी वेळ ठरवायला उपयोगी पडणारं कारण जरूर सांगावं. इथे 'उपाशी' हा शब्द वाचला आणि थांबले. थेंब घालून पडदा तपासायला उपाशी यायची गरजच नसते! रक्ततपासणीची सवय असलेली माणसं डोळ्यांनाही उपाशी येतात, त्यात डायबेटीसची गोळी घेतलेली असली तर साखर उतरू शकते. म्हणजे नुसती वेळ बदलून भागलं नसतं, बुधवारीही हेच झालं असतं. चूक अर्धी आमची. आठवणीच्या मेसेजमध्ये 'जेवून, नेहमीच्या गोळ्या घेतल्यावर या' ही ओळ नव्हती. आज घातली.

दोन पर्याय देणंही शहाणपणाचं. 'कधीही चालेल' हे सोयीचं वाटतं, पण वेळ दिल्यावर 'नाही हो, मंगळवारी बँक असते' असं उत्तर येतं. दोन-तीन वार आणि त्यातला वेळ लिहिला की एका उत्तरात काम होतं. फोनच करायचा असेल तर ओपीडी सुरू होतानाचा पहिला तास टाळावा. समोर दहा माणसं उभी असतात, फोनवरची वेळ घाईत लिहिली जाते आणि चुकते.

एका बाबतीत मात्र हा सगळा शिष्टाचार बाजूला ठेवायचा. डोळ्यांत इंजेक्शन चालू असलेल्यांची तारीख चुकली तर वर्षाच्या तपासणीसारखी ती पुढच्या आठवड्यात ढकलायची नसते. सुरुवातीची इंजेक्शनं बहुतेकदा महिन्याच्या अंतराने असतात, अंतर वाढलं की पडद्यावरची सूज परत चढू शकते. निरोपाच्या पहिल्या शब्दांतच 'इंजेक्शनची तारीख चुकली' लिहावं, म्हणजे डॉक्टरांना विचारूनच वेळ दिली जाते. आणि अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा नजरेवर एका बाजूने पडदा आला, तर वेळ मागत बसू नये. त्याच दिवशी सरळ यावं, आमच्याकडे बंद असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं.

मुलाला उत्तर पाठवलं: 'बुधवार, १८ जून, दुपारी ३.१५. जेवून, गोळ्या घेतल्यावर या. ग्लुकोजची गोळी किंवा बिस्किटं जवळ ठेवा. काळा चष्मा आणा. येणं जमणार नसेल तर दुपारी २ च्या आत कळवा.' साखर उतरली होती हे त्यांच्या डायबेटीसच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, असंही खाली लिहिलं. फाईलवर पेन्सिलने 'बीपी, थेंब विचारून' अशी खूण केली. दोन मिनिटांत त्याचं 'हो' आलं.