भाऊची माऊ

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे म्हणून शाळेतनं फोन आला तेव्हा पहिलं डोक्यात काय आलं असेल तर पाटीवर पुसलं गेलेलं अक्षर. मी डावरी. म्हणजे डावखुरी, पण आमच्याकडं बेळगावात डावखुरी कोण म्हणतंय, डावरीच. आणि डावऱ्या पोराचं पहिलीतलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आपण लिहिलेलं आपल्याच हातानं पुसलं जातं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्यापासून लांब सरकत जातो, आमचा हात मात्र ताज्या अक्षरावरनंच पुढं जातो. पाटीवरची पेन्सिल ती, नुसती पांढरी पूड, त्यामुळं तीन अक्षरं लिहून झाली की पहिलं गायब आणि करंगळीची कड पांढरीफट.

1987 च्या जूनमध्ये मी पहिलीत आले. बाहेर बेळगावचा पाऊस, वर्गात बस्करपट्ट्या, आणि आमच्या बाई. (नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच.) पहिले दोन आठवडे बाईंनी पाटी काढूच दिली नाही. पत्र्याच्या ताटात चाळलेली तांबडी माती पसरायच्या आणि त्यात बोटानं उभी रेघ, आडवी रेघ, अर्धा चंद्र, गाठ. गाठ म्हणजे म च्या आणि न च्या डाव्या बाजूला असती ती. उभी रेघ कायम वरनं खाली, "पाऊस खालनं वर पडतो का गा?" असं म्हणायच्या. घरी आमची आज्जी रोज विचारायची आज काय शिकलीस, आणि मी सांगायची माती, त्यावर ती कपाळाला हात लावायची.

मग पाट्या आल्या. इथं बाईंचा एक प्रकार होता जो मी नंतर कुठल्याच शाळेत बघितला नाही. नवीकोरी पेन्सिल कुणी आणली की त्या सरळ मोडायच्या, अंगठ्याच्या अर्ध्याएवढा तुकडा करून द्यायच्या. आमच्यातली निम्मी पोरं रडायची, नवी पेन्सिल मोडली म्हणून. पण लांब पेन्सिल पोरगं मुठीत धरतं, काठी धरल्यासारखं, आणि एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. अंगठा आणि पहिलं बोट वरनं, खालनं मधलं बोट टेकू. उरलेली दोन बोटं पोरं पसरून ठेवायची, मग हात डुगडुगायचा, म्हणून बाई त्या दोन बोटांत चिंचोका धरायला द्यायच्या, तो पडला की समजायचं बोटं सुटली. तासाला वर्गात सारखे चिंचोके पडल्याचे आवाज यायचे.

माझ्या बाबतीत हे सगळं फसलं. मी हात पाटीच्या वरच्या बाजूनं आणून मनगट आत वळवून लिहायला लागले होते, आकडीसारखं, कारण मग लिहिलेलं पुसायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, स्वतःची युक्ती. पण त्यात मनगट दुखायचं आणि अक्षर डावीकडं कलायचं. त्यातनं घरी आज्जीचं वेगळंच, डाव्या हातानं सरस्वती रुसते, हात बदला हिचा. बाई एकदा आमच्या गल्लीत आल्या होत्या तेव्हा आज्जीनं त्यांच्यापुढंच विषय काढला. बाई म्हणाल्या, "आज्जी, जेवायला उजवा आसू दे, लिहायला डावा आसू दे. दोन्ही हात तुमच्याच नातीचे की." आज्जी गप्प झाली, पटलं का नाही ते देवाला माहीत, पण परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला रांगेच्या डाव्या टोकाला बसवलं. तोपर्यंत मी मधे बसायची आणि माझं डावं कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला लागून रोज भांडण. मग पाटी माझ्या पोटासमोर होती ती डावीकडं सरकवली आणि थोडी तिरकी केली, वरची कड उजवीकडं कलती. बाकीच्यांची पाटी बरोब्बर उलटी कलती असायची. असं केलं की हात ओळीच्या खाली राहतो, मनगट सरळ राहतं आणि लिहिलेलं अक्षर दिसतं पण आणि पुसत पण नाही. एवढंच. आठवडाभर मी सारखी पाटी सरळ करायची आणि बाई येऊन परत तिरकी करायच्या, शेवटी त्यांनी बस्करपट्टीपुढं फरशीवर खडूनं तिरकी चौकटच काढली, पाटी त्यात ठेवायची. मान घालून लिहायची सवय होती ती जावी म्हणून दोन विटा आणि एक फळी, पाटी फळीवर, पाठ सरळ. विटा शाळेच्या बांधकामातल्या उरलेल्या.

आणि पेन्सिल. सगळ्यांना तुकडा, मला मात्र आख्खी. वर्गात याच्यावरनं माझ्यावर फार जळायचे. पण कारण असं की डावऱ्या पोरानं टोकाच्या अगदी जवळ धरलं की बोटांच्या आड अक्षर दिसत नाही. बाकीची पोरं टोकापासून दीड बोटावर धरायची, मला बाईंनी जवळजवळ अडीच बोटांवर लाल दोरा गुंडाळून दिला, बोटं दोऱ्यावर ठेवायची, खाली घसरू द्यायची नाहीत. मूठ होऊ नये म्हणून चिंचोका मात्र मलाही होताच.

आता खरी गोष्ट. दिवाळीनंतर शब्द आले आणि वरची रेघ आली. बाई अक्षरं आधी, रेघ शेवटी असं शिकवायच्या, पूर्ण शब्द झाला की मगच रेघ. सगळे डावीकडनं उजवीकडं ओढायचे. मला ते जमेना, कारण डाव्या हातानं उजवीकडं रेघ न्यायची म्हणजे पेन्सिल पुढं ढकलायची, ती पाटीवर किरकिरते, अडते, रेघ लाटांसारखी येते. मी गुपचूप उजवीकडनं डावीकडं ओढायला लागले, सर्रकन सरळ यायची. बाईंनी पकडलं. मला वाटलं आता मार, पण त्या थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "रेघ कुठनं का ओढेनास, शेवटी दिसती सारखीच. अक्षर मात्र उलटं काढायचं नाही." अक्षराबाबत त्या अजिबात सोडायच्या नाहीत. व चा गोल मी खालनं वर उलटा फिरवायची तर तो चपट्या पुरीसारखा यायचा आणि दांडीला चिकटायचाच नाही, तो त्यांनी शंभर वेळा परत काढून घेतला, दांडीजवळनं निघून डावीकडनं फिरून परत दांडीला.

पण रेघ उजवीकडनं ओढण्यात एक खोड निघाली जी बाईंच्या पण आधी लक्षात आली नव्हती. पाटीवर घरातल्या माणसांची नावं लिहायची होती. मी भाऊ लिहिलं, आमचा थोरला, त्याला सगळे भाऊच म्हणायचो. बाईंनी वाचलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं, "हिच्या घरात कोण राहतंय बघा, माऊ!" पोरं फिदीफिदी. मी रडकुंडीला आले, मी भाऊच लिहिलेलं. बाईंनी पाटी पुढ्यात ठेवून दाखवलं. भ च्या डाव्या बाजूला वर एक छोटं वळण असतं आणि त्या वळणावर रेघ जात नाही, ते मोकळं असतं. रेघ फक्त दांडीवर. रेघ त्या वळणावरनं पण गेली की भ चा म वाटायला लागतो. तसंच ध चं, रेघ पूर्ण गेली की घ, म्हणजे धर म्हणायचं तर घर. थ चं पण डोकं तसंच उघडं. बाई म्हणायच्या या तिघांचे केस मोकळे, यांना टोपी घालायची नाही.

उजव्या हाताची पोरं भाऊ ची रेघ डावीकडनं सुरू करतात, म्हणजे सुरुवातीलाच बघतात कुठनं काढायची, आणि वळण सोडून पुढनं काढतात. माझी रेघ ऊ कडनं निघून काना पार करून वेगात येऊन भ वर संपते, आणि तिथंच थांबायचं असतं, तिथं थांबतच नव्हती. गाडी वेगात येऊन स्टॉपच्या पुढं जाऊन थांबते तसं. राधा लिहिताना ध मधे येतो, तिथं तर रेघ ओढताना मधेच उचलून परत टेकायला लागते, ते डावऱ्याला काय आणि उजव्याला काय सारखंच अवघड.

मग बाईंनी युक्ती केली. रेघ काढायच्या आधी भ च्या दांडीच्या जरा डावीकडं एक ठिपका. तो थांबा. उजवीकडनं यायचं, ठिपक्यावर उतरायचं. भाऊ, भात, धागा, थवा, मग मधे येणारे, राधा, सभा. रोज पाच शब्द, आठ-दहा दिवस. ठिपका आधी मोठा, मग बारीक, मग नुसता मनात. तेवढ्यात संक्रांत आली आणि मी बाईंना तिळगुळाच्या पुडीवर "भाऊकडून पण" असं लिहून दिलं, ते त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं.

सगळंच सुटलं असं नाही. पुढं पाचवीत शाईचा पेन आला आणि ओली शाई पाटी तिरकी-बिरकी काय बघत नाही, वही निळी, हात निळा. निब डाव्या हातानं ढकलली की कागद ओरखडते. बॉलपेन वापरायची परवानगी मिळेपर्यंत माझ्या वह्या बघवत नव्हत्या. कन्नड आली तिथं मात्र मला सोपं गेलं, तिथं शब्दभर रेघ नाही, ज्याचं त्याचं डोकं ज्याच्या त्याच्यावर. कन्नडचे सर "दुंडगे बरी" म्हणायचे, म्हणजे गोल काढ, आणि गोलाची दिशा पहिलीतच बसलेली.

दाबून लिहिणाऱ्यांना बाई कसं ओळखायच्या ते सांगायचं राहिलं. दुसरीत कागद आला तेव्हा वहीचं पान उलटून मागनं बोट फिरवायच्या. मागं अक्षर हाताला लागलं की पेन्सिल फार आवळून धरतोस. पहिल्या बोटाचं नख पांढरं पडलेलं असायचंच. पण दुसरीची दिवाळी झाली की पकड बदलायचा हट्ट सोडायच्या, हात दुखत नसेल तर राहू दे म्हणायच्या, आता ती हाडात बसली.

आता मी खानापूरला सोसायटीत कॅशियर आहे. काउंटरवरचा पेन दोरीनं बांधलेला आणि नेहमी उजवीकडं, म्हणून माझा वेगळा. व्हाउचर अजून तिरकं ठेवूनच लिहिते. मागच्या महिन्यात पिग्मीचे पैसे काढायला आलेले एक म्हातारे काका चष्म्यावरनं बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, रेघ उलटी कशाला ओढायलीस?"

म्हटलं, "काका, नाव काय लिहू?"

"भाऊ," म्हणाले.

ठिपका न देता लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.