आमची वाटचाल: अंबडच्या कारखान्याला प्रोग्रामर कसे मिळू लागले

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आम्ही फिक्श्चर बनवतो. मशिनिंग चालू असताना जॉब हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारं साधन म्हणजे फिक्श्चर. माणसं पंचवीसच्या आत. ऑर्डर मिळायच्या, मशिनं होती, पण व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा चांगला प्रोग्रामर काही टिकत नव्हता. दोन-तीन वर्षांत हात बसला की तो चाकणला जायचा. तिथल्या कंपनीचं नाव घरच्यांना आणि सोयऱ्यांना माहीत असतं, आमचं कोणाला माहीत असणार?

लिंक्डइनवर कंपनीचं पान फुकट उघडता येतं. आम्ही ते उघडलं, पण खरा फरक पडला तो पानावरच्या माणसांमुळे. उमेदवार आधी तिथे कोण काम करतं आणि किती वर्षांपासून, ते बघतो. आमच्या पानावर सुरुवातीला कोणीच दिसत नव्हतं, कारण मुलांनी आपापल्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव नुसतं टाइप केलं होतं. टाइप करताना खाली जी यादी येते तिच्यातून आपलं पान निवडावं लागतं, तेव्हाच माणूस पानाशी जोडला जातो. मी प्रत्येकाशेजारी बसून ते करून घेतलं. आमचे टूलरूमचे काका पहिल्या दिवसापासून इथे आहेत, हे पानावर दिसायला लागलं. लहान कंपनीबद्दल अनोळखी माणसाला वाटणारी शंका त्यानेच कमी होते.

मग लिहायचं काय? दसऱ्याची पूजा, वाढदिवसाचा केक असल्या फोटोंना लाइक भरपूर येतात, पण ते बहुतेक ओळखीच्या उद्योजकांचे आणि टूल विकणाऱ्यांचे. पान चालवणाऱ्याला पाहुण्यांचं गाव आणि कामाचं क्षेत्र यांचा गोषवारा बघता येतो. मी तो नेमाने बघतो. त्यात इंजिनिअरिंगवाले वाढले तर लिहिलेलं योग्य माणसांपर्यंत पोचलं, असं मी धरतो.

आमच्या प्रोग्रामरने एकदा स्वतःच्या प्रोफाइलवरून एका पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियम हाउसिंगची गोष्ट लिहिली. क्लॅम्पमध्ये असताना सपाटपणा ०.०२ मिलिमीटरच्या आत यायचा आणि क्लॅम्प सोडला की बिघडायचा. त्याने रफिंग करून थोडा माल शिल्लक ठेवला, जॉब सोडून त्यातला ताण मोकळा होऊ दिला, मग हलक्या दाबाने पुन्हा पकडून फिनिशिंग केलं. ग्राहकाची लेखी परवानगी घेतली होती. ड्रॉइंग आणि पार्ट नंबर फोटोत येऊ दिले नाहीत. हे पाळलं नाही तर ग्राहकच हातचा जाईल.

त्याखाली चाकणच्या एका मुलाने विचारलं, "व्हॅक्युम फिक्श्चर का नाही वापरलं?" आमच्या मुलाने उत्तर दिलं, की खालच्या बाजूला भोकं आहेत, सील बसायला सलग जागाच नाही. दोघांचं बरंच बोलणं झालं. मुलगा सिन्नरचा निघाला, दर शनिवारी रात्री गावी येणारा. असे घराकडे परतायला तयार असलेले नाशिककर चाकणला पुष्कळ आहेत आणि आमच्यासाठी खरी माणसं तीच, हे मला तिथे उमगलं.

जागा निघाली तेव्हा जाहिरात त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. फानुक कंट्रोल, पगार पंचेचाळीस ते पंचावन्न हजार, आठवड्याआड दुसरी पाळी, सुट्टी रविवारी, पीएफ पहिल्या महिन्यापासून. पगार उघड लिहू नका, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. मला ते पटत नाही. आकडा नसला की चांगल्या नोकरीत असलेला माणूस चौकशीच करत नाही. एका बटणावर अर्ज करता येतो म्हणून बाकीच्यांचे ढीगभर अर्ज येतातच. त्यासाठी दोन प्रश्न ठेवले: व्हीएमसी प्रोग्रामिंग किती वर्षं केलं आणि दुसऱ्या पाळीला अंबडला येऊ शकता का? तेवढ्याने चाळण लागली. उरलेल्यांना बोलावून एक ड्रॉइंग हातात दिलं आणि सेटअप कसा लावाल ते विचारलं. सिन्नरचा मुलगा त्यातूनच आला. जाहिरातीतला पगार आणि पाळी त्याला तशीच मिळाली. तशी मिळाली नसती तर ते चाकणच्या त्याच्या जुन्या सोबत्यांना आठवड्यात कळलं असतं.

आपलं काम दिसू लागलं की आपली माणसंही इतरांना दिसतात. ते हाउसिंग लिहिणाऱ्या मुलाला भरती करणाऱ्यांचे निरोप येऊ लागले. त्याने स्वतःच येऊन सांगितलं, "भाऊ, मला विचारणा आहे." मी त्याला लिहायचं थांबवायला सांगितलं नाही. प्रोग्रामर आणि डिझाइनवाल्यांच्या पगाराचा आढावा आता वर्षातून दोनदा घेतो आणि बाजारातला दर बघूनच आकडा ठरवतो.

ऑपरेटर मात्र या वाटेने येत नाहीत. ते आयटीआयमधून, अप्रेंटिस म्हणून, नाहीतर इथल्याच कोणाच्या तरी ओळखीने येतात. लिंक्डइनवर मी वेळ देतो तो प्रोग्रामर, डिझाइन आणि सीएमएमवर मोजमाप करणाऱ्या क्वालिटी इंजिनिअरसाठी. सध्या क्वालिटीची जागा रिकामी आहे, म्हणून आमची सीएमएमवरची मुलगी एका वाकड्या कास्टिंगचा डेटम, म्हणजे मोजमापाचा आधार, कसा धरला ते लिहिते आहे. ग्राहकाची परवानगी आली की ते तिच्या प्रोफाइलवर जाईल.