बंद केलेली गोळी

पाळी चुकून 54 दिवस झाले होते आणि ती खुशीत होती. लग्नाला चार वर्षं, ल्युपसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराचं, निदान होऊन तीन. मध्यंतरी किडनीवर परिणाम झाला होता, तो आता आटोक्यात होता. "बाळासाठी मी तयारी सुरू केलीये, डॉक्टर," ती म्हणाली. "स्ट्राँग गोळी महिन्यापूर्वीच बंद केली."

मी सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला सांगितल्या. मायकोफेनोलेट, ब्लड प्रेशरची रॅमिप्रिल, 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ल्युपसच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची तेवढी नव्हती. डोळ्यांवर परिणाम होतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिने बंद केली ती नेमकी हीच. गरोदरपणातही चालू ठेवायची गोळी गेली होती आणि गर्भाला सर्वांत धोक्याची मायकोफेनोलेट रोज दोन वेळा पोटात जात होती. ती "किडनीची" ना, म्हणून तिला हात लावला नव्हता.

आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली. ती निगेटिव्ह आली आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मायकोफेनोलेटमुळे गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाच्या कानात, ओठ-टाळूत व्यंग राहू शकतं. तिचा चेहरा मात्र पडला.

चूक माझीही होती. मायकोफेनोलेट सुरू करताना गर्भनिरोधनाबद्दल एकदा बोललो होतो, त्यानंतर दोन वर्षांत विषयच काढला नाही. तिची पाळी कधी 35 दिवसांनी, कधी 60 दिवसांनी येते, हेही त्या दिवशीच कळलं. आजार भडकलेला असला किंवा स्टिरॉइडचा डोस मोठा असला की पाळी अशी लांबते. तिची त्या काळात बिघडली ती पुन्हा मार्गी लागलीच नव्हती. तिला म्हटलं, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे हॉर्मोनही बघून घेऊ, सगळं ल्युपसच्या माथी नको.

या अनियमित पाळीमुळे रॅमिप्रिलचा निर्णयही बदलला. लघवीतून प्रोटीन जात असेल, तर काही जणींना ही गोळी दिवस राहीपर्यंत देतात आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच थांबवतात. पण त्यासाठी पाळी चुकल्याचं वेळेवर कळायला हवं. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत ही गोळी बाळाच्या किडनीला घातक असते, आणि हिला तर दोन महिने पत्ताच लागला नसता. तिचं प्रोटीन जवळपास नॉर्मल होतं, म्हणून ब्लड प्रेशरसाठी निफेडिपिन दिलं.

मायकोफेनोलेटच्या जागी गरोदरपणात चालणारं अझाथायोप्रिन आलं, त्यासाठी रक्तपेशींची आणि लिव्हरची तपासणी ठरली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन परत सुरू केलं.

"मग पुढच्या महिन्यात प्रयत्न करू?" नवऱ्याने विचारलं.

मायकोफेनोलेट थांबल्यावर किमान 6 आठवडे जायलाच हवेत, आणि नव्या गोळीवर आजार साधारण 6 महिने शांत राहिलेला दिसला पाहिजे, असं सांगितलं. तोवर गर्भनिरोधन. पण अँटिफॉस्फोलिपिड अँटीबॉडीचा रिपोर्ट यायचा होता. तो पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणून कॉपर-टी ठरली.

तिने पेन मागून घेतलं आणि मायकोफेनोलेटच्या स्ट्रिपवर मोठी फुली मारली.