तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठ्या एका डब्यात की चार?

"मॅडम, पाच ट्रीटमेंट आहेत, चार रेप्लिकेशन घेणार आहे. शेतावरचा प्रयोग आहे. सीआरडी घेऊ की आरबीडी?"

बहुतेक वेळा आरबीडी, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. पण एवढं सांगितलं की विचारणारा वहीत तो शब्द लिहून निघून जातो आणि महिन्याभराने चुकीच्या दिशेने आखलेले ब्लॉक, म्हणजे सारख्या प्लॉटांचे गट, घेऊन परत येतो. म्हणून मी उत्तराआधी एक उलटा प्रश्न विचारते: ते शेत कुठल्या बाजूने कुठल्या बाजूला बदलत जातं? हे सांगता आलं नाही तर "आरबीडी" हे नुसतं नाव उरतं.

दोन्ही रचनांमधला फरक मला चिठ्ठ्यांच्या भाषेत सांगायला आवडतो. सीआरडीत, म्हणजे कम्प्लीटली रँडमाइज्ड डिझाइनमध्ये, वीस प्लॉटसाठी वीस चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येक ट्रीटमेंटच्या चार, आणि सगळ्या एकाच डब्यात टाकून एकेक काढायची. कुठली ट्रीटमेंट कुठे जाईल यावर कसलंही बंधन नाही. आरबीडीत चार डबे. प्रत्येकात पाच चिठ्ठ्या, प्रत्येक ट्रीटमेंटची एकच. पहिला डबा पहिल्या ब्लॉकचा, दुसरा दुसऱ्याचा. म्हणजे प्रत्येक ब्लॉकात प्रत्येक ट्रीटमेंट येणारच. नशिबावर राहतं ते फक्त ब्लॉकातलं तिचं स्थान.

आता शेताला उतार आहे असं समजा. वरची माती उथळ, खाली गाळ साचून खोल झालेली. उताराला आडवे चार पट्टे पाडले आणि प्रत्येकात पाच प्लॉट आखले. इथे एका डब्यातून चिठ्ठ्या काढल्या तर एखादी ठरावीक ट्रीटमेंट चारही पट्ट्यांत एकेक अशी नीट पडण्याची शक्यता शंभरात फक्त तेरा. उरलेल्या वेळी ती कुठल्या तरी पट्ट्यात दोनदा-तीनदा येणार आणि कुठे तरी मुळीच येणार नाही. यात पक्षपात नाही, कारण सोडत प्रामाणिक आहे. पण उताराचा फरक ट्रीटमेंटच्या सरासरीत मिसळतो आणि एररमध्येही, म्हणजे ट्रीटमेंटमुळे न आलेल्या उरलेल्या फरकातही, जाऊन बसतो. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये रोथॅमस्टेडला गेले तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती: माती कधीच एकसारखी नसते. तिच्यावर त्यांनी काढलेली तोड म्हणजे ब्लॉक, आणि ब्लॉकाच्या आत सोडत. जो फरक आधीच दिसतो तो ब्लॉकात बांधून टाकायचा आणि जो दिसत नाही तो चिठ्ठीवर सोडायचा.

याचा फायदा किती, हे एका हिशेबात बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. गव्हाच्या पाच ट्रीटमेंट, उताराला आडवे चार ब्लॉक. ब्लॉकांची सरासरी वरून खाली प्लॉटमागे 11.2, 12.6, 13.4 आणि 14.8 किलो. ट्रीटमेंटची सरासरी 11.8, 12.5, 13.0, 13.5 आणि 14.2. ब्लॉकांचा मीन स्क्वेअर 11.33 येतो, ट्रीटमेंटचा 3.38. एररचा 0.80 धरू, 12 डिग्री ऑफ फ्रीडमवर. ट्रीटमेंटच्या मीन स्क्वेअरला एररच्याने भागून एफ होतो 4.2. पाच टक्क्यांच्या पातळीवर 3.26 लागतो, म्हणजे ट्रीटमेंटमधला फरक सिग्निफिकंट. सीडी, म्हणजे दोन सरासरींतला फरक सिग्निफिकंट ठरायला लागणारं किमान अंतर, 1.38 किलो.

याच जमिनीवर सीआरडी घेतलं असतं तर एरर किती आला असता, याचा अंदाज आरबीडीच्याच तक्त्यातून काढता येतो. ब्लॉकांत बांधलेला फरक आता सगळ्या प्लॉटवर पसरला असता. खाली RE म्हणजे सीआरडीचा एरर आरबीडीच्या किती पट, r म्हणजे ब्लॉक, t म्हणजे ट्रीटमेंट, MSB आणि MSE म्हणजे ब्लॉकांचा आणि एररचा मीन स्क्वेअर:

```
RE = ((r-1)*MSB + r*(t-1)*MSE) / ((r*t-1)*MSE)
   = (3*11.33 + 4*4*0.80) / (19*0.80)
   = 46.8 / 15.2 = 3.08
```

म्हणजे सीआरडीतला एरर सुमारे तिप्पट, 0.80 च्या जागी 2.46. सीडी 1.38 वरून 2.36 वर. 12.5 आणि 14.2 किलोवाल्या ट्रीटमेंटमधला 1.7 चा फरक आरबीडीत पकडता येतो, सीआरडीत निसटतो. सीआरडीतून एवढीच अचूकता हवी असेल तर चाराऐवजी साधारण बारा रेप्लिकेशन लागतील. वीस प्लॉटचं काम साठ प्लॉटवर. तेच बी, तेच खत, तीच माणसं, फक्त चिठ्ठ्या चार डब्यांत टाकल्या एवढाच फरक.

हे सगळं ब्लॉक बरोबर दिशेने असतील तरच. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात आम्ही ते उताराच्या दिशेनेच उभे आखले, कारण रस्ता त्या बाजूला होता आणि दोरी धरायला सोपं जात होतं. प्रत्येक ब्लॉक वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. परिणामी चारही ब्लॉकांची सरासरी जवळपास सारखी आली आणि सगळा उतार ब्लॉकाच्या आत, प्लॉटाप्लॉटांत राहिला. कागदावर आरबीडी होतं, पण सीआरडीहून वाईट, कारण तीन डिग्री ऑफ फ्रीडम फुकट गेल्या. तक्ता पाहून ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ब्लॉकांचा एफ एकाच्या खाली आहे, म्हणजे जमीन अगदी एकसारखी दिसतेय." मी त्या उतारावरून पाणी वाहताना पाहिलं होतं. संध्याकाळी लेआउटचा नकाशा घेतला आणि प्रत्येक प्लॉटच्या चौकोनात त्याचा रेसिड्युअल, म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉक वजा करून उरलेला फरक, फक्त अधिक-उणे खुणेने लिहिला. वरच्या टोकाला सगळे उणे, खालच्या टोकाला सगळे अधिक. ही तपासणी मी अजूनही प्रत्येक प्रयोगाला करते. पाच मिनिटं लागतात, आणि ब्लॉक चुकले असतील तर खुणांचा गठ्ठा एका बाजूला दिसतोच.

तर आखणी अशी: ज्या दिशेने शेत बदलतं तिला ब्लॉक आडवा, म्हणजे एका ब्लॉकातले पाचही प्लॉट एकाच पातळीवर. आणि प्रत्येक प्लॉटची लांब बाजू मात्र बदलाच्या दिशेने, म्हणजे ब्लॉकात जो काही थोडा उतार उरतो तो प्रत्येक प्लॉटच्या वाट्याला सारखाच येतो. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असते, दुसरी निम्मे विसरतात. चारही ब्लॉक एकमेकांना लागून असलेच पाहिजेत असंही नाही. एक ब्लॉक शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला तरी चालतं, आतले प्लॉट सारखे असले म्हणजे झालं.

बदलाची दिशा शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. आधीचं पीक उभं असताना शेतात एक फेरी मारा; ते कुठे खुजं आहे, कुठे पिवळं पडलंय, पाणी कुठे साचतं हे दिसतं. पाटाचं पाणी कुठून शिरतं आणि शेवटी कुठे पोचतं, बांधावरच्या झाडांची सावली कुठवर येते, मागे शेणखताचा ढीग कुठे होता, हेही विचारून घ्या. ब्लॉक फक्त मातीचाच असतो असंही नाही. कापणी एका दिवसात आटोपणार नसेल तर दिवसाला पूर्ण ब्लॉक उरकायचा, अर्धा सोडायचा नाही. दोन माणसं निरीक्षणं घेणार असतील तर एका ब्लॉकाची सगळी एकानेच घ्यायची. मग रात्री पाऊस आला काय किंवा एकाची नजर दुसऱ्यापेक्षा कडक असली काय, तो फरक ब्लॉकात जातो.

मग सीआरडी कधी? शेत खरंच एकसारखं असेल तर ब्लॉक पाडण्याची किंमत किती पडते ते बघा. आपल्या उदाहरणात एररच्या डिग्री ऑफ फ्रीडम 15 च्या 12 होतात आणि सीडीच्या हिशेबातला टी 2.131 वरून 2.179 वर जातो. दोन टक्क्यांचा विमा म्हणा. तो मी डोळे मिटून भरते. पण प्रयोग अगदी लहान असेल, दोनच ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशन, तर 4 च्या 2 होतात आणि टी 2.776 वरून थेट 4.303 वर. इथे ब्लॉक फार महाग पडतो, आणि जमिनीतला फरक खरोखर मोठा असल्याशिवाय मी तो घेत नाही. शक्य असेल तर रेप्लिकेशन वाढवायला सांगते. बी कमी असल्यामुळे एका वाणाचे तीन आणि दुसऱ्याचे सहा प्लॉट होत असतील, तेव्हाही सीआरडीची मोकळीक उपयोगी पडते. आणि ट्रीटमेंट पंचवीस-तीस झाल्या तर दोन्ही नकोत. एवढा मोठा ब्लॉक आतून एकसारखा राहत नाही, तिथे अपूर्ण ब्लॉकांच्या रचना वापरायच्या.

आता माझी खरी चिडचिड. चिठ्ठ्या एका डब्यातून काढायच्या आणि नंतर एक्सेलमध्ये R1, R2, R3, R4 असे स्तंभ करून विश्लेषण आरबीडीचं करायचं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी चिठ्ठ्यांबद्दल विचारते आणि मग आकडे उघडते. सीआरडीतला R2 हा त्या ट्रीटमेंटचा नुसता दुसरा प्लॉट असतो. एका ट्रीटमेंटचा R2 आणि दुसरीचा R2 शेजारी असण्याचं कारण नाही, म्हणून R2 नावाचा ब्लॉकच अस्तित्वात नसतो. उलटा प्रकारही तितकाच चालतो: आरबीडी घ्यायचं, ब्लॉक नॉन-सिग्निफिकंट आले की ते तक्त्यातून काढून टाकायचे आणि सीआरडीसारखा एफ काढायचा, कारण तो थोडा मोठा येतो. चिठ्ठ्या ज्या डब्यांतून निघाल्या त्याच रचनेने विश्लेषण करायचं. निकाल पाहून डबे बदलता येत नाहीत.

आणि ज्यांची रचना, दिशा, सोडत सगळं बरोबर असतं त्यांचीही एक चूक शेवटच्या ओळीत होते. आर सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉकांना 1, 2, 3, 4 असे आकडे दिले तर ते त्यांना गट समजत नाही, मोजमाप समजतं आणि त्यांच्यातून सरळ रेषा काढतं. म्हणून असं लिहायचं:

```
aov(yield ~ factor(block) + factor(treat))
```

तक्ता आला की आधी एररच्या डिग्री ऑफ फ्रीडम बघा. पाच ट्रीटमेंट आणि चार ब्लॉकांना त्या 12 हव्यात. 15 दिसल्या तर ब्लॉक तक्त्यात आलेच नाहीत. 14 दिसल्या तर ब्लॉकाच्या भोवतीचं `factor` राहून गेलंय.