पेरो आणि पेर्रो: स्पॅनिश उच्चारांच्या सरावाची नवव्या आठवड्याची नोंद

'त्रेस त्रिस्तेस तीग्रेस त्रागाबान त्रीगो एन उन त्रिगाल', म्हणजे तीन उदास वाघ गव्हाच्या शेतात गहू गिळत होते, हे वाक्य मी आठव्या आठवड्यात बाजूला ठेवले. स्पॅनिश शिकणारे अनेक जण याच वाक्यापासून सुरुवात करतात, परंतु त्रास, मित्र, रात्र असे शब्द दिवसभर बोलणाऱ्या मराठी माणसाच्या जिभेला त्यातील 'त्र' फारसे काही नवे शिकवत नाही. आपली खरी अडचण दोन वेगवेगळ्या 'र'मध्ये आहे, म्हणून हा आठवडा मी पूर्णपणे त्यांना दिला.

स्पॅनिशमध्ये दोन स्वरांच्या मध्ये एक आर लिहिला असेल, तर जिभेचे टोक वरच्या हिरडीला एकदाच स्पर्श करून सुटते. दोन आर लिहिले असतील, तर ते टोक श्वासाच्या झोताने दोन-तीन वेळा थरथरते. हा दुसरा ध्वनी मी येथे 'र्र' असा लिहितो. या एका फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो: पेरो म्हणजे पण, तर पेर्रो म्हणजे कुत्रा, कारो म्हणजे महाग, तर कार्रो म्हणजे गाडी, सेरो म्हणजे शून्य, तर सेर्रो म्हणजे टेकडी. एंतेरादो म्हणजे माहिती असलेला आणि एंतेर्रादो म्हणजे पुरलेला, ही माझी सर्वांत आवडती जोडी, कारण तिथे चूक झाली की वाक्याचे काय होते हे लगेच कळते. केवळ एका ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात.

'र्र' आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. सर्रास, भुर्रकन, मिसळीवरची तर्री हे आपलेच शब्द आहेत, आणि 'खरा' व 'खर्रा' ही तर अस्सल मराठी मिनिमल पेअर आहे. सुरुवातीला मी याच शब्दांच्या आधाराने पेर्रो म्हणू लागलो आणि तिथेच एक वाईट सवय लागली. मराठीत आपण 'खर्-रा' असे तोडतो. पहिला र् आधीच्या अक्षराला चिकटतो आणि तिथे किंचित थांबल्यासारखे होते. स्पॅनिशमध्ये मात्र हा संपूर्ण कंप पुढच्या अक्षराचा असतो: पे-र्रो. 'पेर्-रो' म्हटले तरी समोरच्याला समजते, परंतु वेग वाढवला की त्या थांब्यापाशी जीभ ताठ होते. त्यामुळे मी आता आधी 'पे' स्वतंत्र म्हणतो, मग 'र्रो' स्वतंत्र म्हणतो आणि त्यानंतरच दोन्ही जोडतो.

आता या आठवड्याच्या चाचणीविषयी. सुटे शब्द वाचताना आपण नकळत अतिशय जपून बोलतो, म्हणून प्रत्येक शब्द मी 'दीगो कारो ओत्रा वेस', म्हणजे 'मी पुन्हा कारो म्हणतो', अशा एकाच साच्यातील वाक्यात बसवला. दहा जोड्यांचे वीस शब्द चिठ्ठ्या टाकून क्रम बदलून घेतले, एकदा सावकाश आणि एकदा भराभर ध्वनिमुद्रित केले आणि क्रम लिहिलेला कागद कपाटात ठेवला. चार दिवसांनी मुद्रण ऐकून, कोणता शब्द ऐकू येतो ते लिहून काढले. सावकाश वाचनात वीसपैकी अठरा शब्द बरोबर ओळखता आले. भराभर वाचनात फक्त बारा. दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजानेही दहा बरोबर येऊ शकतात, हे लक्षात घेतले तर बारा म्हणजे माझ्या भराभर बोलण्यात तो भेद जवळजवळ उरलाच नव्हता. चुकलेल्या आठपैकी सहा ठिकाणी कार्रोचा कारो व्हावा तसा 'र्र'चा साधा 'र' झाला होता. उरलेल्या दोन ठिकाणी मात्र उलटे घडले होते: काळजीपोटी मी सेरोचा सेर्रो व्हावा तसा साध्या 'र'चाही 'र्र' केला होता. ही दुसऱ्या प्रकारची चूक बोलताना अजिबात जाणवत नाही, म्हणून तिची वेगळी नोंद ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तेच मुद्रण ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये मोठे करून पाहिले, तेव्हा कारण दिसले. साध्या 'र'च्या जागी ध्वनिलहरीत एकच बारीक खाच असते, तर नीट जमलेल्या 'र्र'मध्ये जवळजवळ समान अंतरावर दोन किंवा तीन खाचा दिसतात. माझ्या फसलेल्या कार्रोमध्ये एक खाच आणि तिच्यामागे 'झ'सारखी घासट आवाजाची पट्टी होती. म्हणजे घाईत मी जीभ हिरडीवर दाबत होतो आणि श्वास मात्र आखडून घेत होतो. हा कंप स्नायूंनी मुद्दाम हलवून होत नाही. टोक सैल ठेवावे लागते, जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकवाव्या लागतात आणि टोकाला हलवण्याचे काम श्वासावर सोपवावे लागते.

यानंतर मी पुढील वाक्य घेतले: 'एल पेर्रो दे सान र्रोके नो त्येने र्राबो, पोर्के र्रामोन र्रामीरेस से लो आ कोर्तादो.' सान रोकेच्या कुत्र्याला शेपूट नाही, कारण रामोन रामीरेसने ती कापली आहे. संत रोके यांच्या चित्रांत त्यांच्यासोबत नेहमी एक कुत्रा दाखवतात. तोच हा कुत्रा. या वाक्याचे मोल असे की त्यात पाच ठिकाणी 'र्र' आहे, तर रामीरेसच्या पोटात साधा 'र' आहे. म्हणजे एकाच नावात जीभ आधी थरथरायची आणि लगेच एका स्पर्शावर थांबायची. शब्दाच्या सुरुवातीला एकच आर लिहिला असला तरी तो थरथरतो, हा नियमही येथे चार वेळा वापरावा लागतो.

मेट्रोनोमच्या प्रत्येक ठोक्यावर एक आघातयुक्त अक्षर, याप्रमाणे संपूर्ण वाक्य सात ठोक्यांत बसते. मिनिटाला ६० ठोक्यांवर ते स्वच्छ आले, ७२ वरही आले. ८४ वर मात्र मोडले, आणि प्रत्येक वेळी त्याच दोन जागी मोडले: 'सान र्रोके' आणि 'र्रामोन र्रामीरेस'. 'नो त्येने र्राबो' मात्र त्याच वेगात सुरळीत जात होते. फरक आधीच्या ध्वनीत आहे. र्राबोच्या आधी स्वर आहे, त्यामुळे जीभ मोकळी असते; उरलेल्या दोन्ही जागी आधी 'न' येतो, आणि 'न'साठी जिभेचे टोक हिरडीला आधीच टेकलेले असते. तिथून ते सैल न करताच पुढे गेलो, की 'सान दोके'सारखे काहीतरी ऐकू येते.

त्यावर उपाय म्हणून ओन्र्रा, सोन्र्रीसा आणि एन्र्रीके हे तीन शब्द घेतले, कारण त्यांत हाच 'न' आणि हाच कंप एका शब्दात एकत्र येतात. 'न' अगदी आखूड ठेवून श्वास थांबू न देता पुढे जायचे, असे रोज दहा मिनिटे केले. पाचव्या दिवशी ८४ वर सलग तीन वेळा वाक्य स्वच्छ आले. ९६ वर 'सान र्रोके' जमते, परंतु रामीरेसमधला साधा 'र' आता अधूनमधून थरथरतो.

बोगोटातील माझ्या भाषा-सोबतिणीला चाचणीच्या नव्या मुद्रणातील भराभर वाचलेले वीस शब्द पाठवले. तिला सोळा बरोबर ओळखता आले, आणि चुकलेल्या चारांपैकी तीन साधे 'र' असलेले शब्द होते. म्हणून पुढच्या आठवड्यात कंप वाढवणारी वाक्ये बंद ठेवून 'कारा, कारो, पेरा, पेरो' असे केवळ एका स्पर्शाचे शब्द ९६ ठोक्यांवर म्हणणार आहे आणि त्यांच्यामध्ये दर पाचव्या शब्दाला एक पेर्रो घालणार आहे.