वरच्या चार ओळी

«ताणलेल्या चॅटचा स्क्रीनशॉट पाठवून कुणी "आता काय लिहू?" विचारलं, तर त्यांना काय सांगायचं आणि कुठल्या सुरात, हे तुम्ही कसं ठरवता?»

आधी मी वरच्या चार ओळी मागते. आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बहुधा फक्त लागलेला घाव असतो, त्याआधीचं कापलेलं असतं. लबाडीने नव्हे, दुखतं तिथेच माणसाचं लक्ष जातं म्हणून.

अलीकडचंच सांगते. एका मैत्रिणीने रात्री उशिरा तिच्या मोठ्या भावाचा मेसेज पाठवला: "आज पण नाही आलीस. तुला वेळ नसणारच. राहू दे, मी बघतो." खाली तिचा मजकूर तयार होता. गेल्या तीन महिन्यांत वडिलांसाठी तिने काय काय केलं त्याची यादी, आणि शेवटी "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." पाठवू का, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, थांब, गुरुवारपासूनचं दाखव. गुरुवारी दादाने विचारलं होतं, "रविवारी येतेस ना?" त्यावर हिने होकाराचा अंगठा पाठवला होता. मग रविवारी ती गेली नाही आणि कळवायचंही राहिलं. इथे सगळं बदललं. तोवर मीसुद्धा "तुला वेळ नसणारच" हे कुत्सितपणे वाचत होते, कारण तिच्या कानाने ऐकत होते. वरच्या ओळी वाचल्यावर तेच वाक्य दिवसभर एकट्याने निभावून थकलेल्या माणसाचं वाटलं. लिहिलेल्या शब्दांतून सूर जेवढा पोचतो असं आपण धरतो, त्यापेक्षा तो पुष्कळ कमी पोचतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर ईमेलवर केलेले प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच दिसलं होतं. म्हणून दोन वाचनं शक्य असतील, तर उत्तर असं हवं की त्यातलं कुठलंही खरं निघालं तरी ते चालेल.

मग मी तिला विचारलं, "उद्या सकाळी काय झालेलं हवंय तुला?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुधवारी बाबांची तपासणी आहे. ती मी करीन, हे त्याने मानावं." यादीने हे होणार नव्हतं. यादी आली की समोरचा आपली यादी काढतो, आणि बुधवार बाजूला राहतो.

त्याच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी होत्या. ती आली नाही, हे खरं. तिला वेळ नसतोच, हा आरोप. उत्तर खऱ्या गोष्टीला द्यायचं, आणि आधी तिलाच. आरोपाबद्दल बोलायचं असेल तर भेटून. पडद्यावर तो खोडायला गेलं की रात्र जाते. "वाईट वाटलं असेल तर" मधला "तर" मी काढायला लावला. तो चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलतो.

पहिला मसुदा मी लिहिला आणि तिथे चुकले. "तुझी चिडचिड मी समजू शकते" असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "असं मी आयुष्यात बोललेले नाही, दादा लगेच ओळखेल." बरोबरच होतं. उसना सूर लगेच उघडा पडतो, आणि आपलं बोलणं तिसऱ्याला दाखवलं गेलंय हे कळलं की माणूस जास्त दुखावतो. तेव्हापासून मी फक्त काय सांगायचं ते सुचवते, वाक्यं ज्याची त्याला लिहू देते. तिने लिहिलं:

"दादा, येते म्हटलं आणि आले नाही, कळवलं पण नाही. चुकलंच माझं. दिवसभर तूच केलंस सगळं. बुधवारी बाबांना मी नेते. फाइल कुठे ठेवलीयस?"

शेवटचा प्रश्न तिचाच, आणि मला तो फार आवडला. त्याचं उत्तर देणं सोपं आहे, त्यासाठी दादाला आधी माफ करावं लागत नाही. लांबीही त्याच्या मेसेजच्या जवळपास होती. तीन वाक्यांना वीस ओळींचं उत्तर दिलं की शांतपणे लिहिलेलंही अंगावर आल्यासारखं वाटतं. हे सगळं तिला मी नोट्समध्ये लिहायला लावलं. चॅटच्या चौकटीत खोडाखोड करत बसलं तर समोरच्याला "टायपिंग" दिसत राहतं, थांबतं, पुन्हा दिसतं, आणि त्याचा जीव टांगणीला लागतो.

समोरचा धमकावत असेल किंवा पाठवणारीला त्याची भीती वाटत असेल, तर मात्र मी सूर शोधत बसत नाही. तेव्हा आधी ती सुरक्षित आहे का, जवळ कोण आहे, हे विचारते आणि सगळे मेसेज जपून ठेवायला सांगते.

दादाचं उत्तर सकाळी आलं: "टेबलावर. उपाशीपोटी न्यायचंय, विसरू नकोस." तिने त्याचाही स्क्रीनशॉट पाठवला, "आता?" मी लिहिलं, "आता फक्त बरं म्हण."