डिपॉझिट जुळत नाही: एका बुककीपरच्या प्रोफाइलचा दिवस

मी फ्रीलान्सर लोकांचे प्रोफाइल बघून दुरुस्त करून देतो, त्यातली ही एक केस लिहून ठेवतोय कारण असं काम करताना नक्की काय घडतं ते यात सगळं आलं.

बाई बुककीपर, कामात एकदम पक्क्या, अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर जुन्या क्लायंटचे रिव्ह्यू पण चांगले. पण क्लायंटकडून कामासाठी नवीन इन्व्हाइट येणं जवळपास बंद झालेलं, आणि येतील ते डेटा एंट्रीचे. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली तर हेडलाइन अशी: "अनुभवी बुककीपर | क्विकबुक्स | झीरो | एक्सेल | पेरोल | डेटा एंट्री". म्हणजे डेटा एंट्रीवाले येत होते ते काही उगाच नाही, आमंत्रण त्यांनाच दिलेलं. आणि समरीची सुरुवात "नमस्कार, मी मेहनती, काटेकोर आणि वेळेत काम करणारी..."

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. क्लायंट सर्च करतो तेव्हा त्याला पूर्ण प्रोफाइल दिसतच नाही. फोटो, नाव, हेडलाइन, रेट आणि समरीच्या पहिल्या दोनेक ओळी, बस. समरीला जागा ५,००० कॅरेक्टरची आहे, हेडलाइनला ७०, पण क्लिक करायचं की नाही ते या ७० आणि त्या दोन ओळींवरच ठरतं, आणि यांच्या दोन्ही ओळी नमस्कार आणि मेहनतीत गेलेल्या.

मी त्यांना म्हटलं, प्रोफाइल बंद करा आणि मेसेजचा इनबॉक्स उघडा. जी कामं तुम्हाला आवडली, पैसे बरे मिळाले, त्या क्लायंटचा अगदी पहिला मेसेज काढा आणि जसाच्या तसा वाचून दाखवा. तुम्ही काय काम केलं ते नको, तो काय म्हणाला ते हवं.

एकेक वाचायला लागल्या. एक ॲमेझॉन सेलर, त्याने लिहिलेलं की बँकेत जे डिपॉझिट येतं ते माझ्या सेल्स रिपोर्टशी जुळतच नाही आणि माझा सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सीए, प्रश्न विचारतोय. पुढचा मेसेज दुसऱ्याच माणसाचा, पण तेच, डिपॉझिट जुळत नाही. मग अजून एक. मध्येच बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळे एकच गोष्ट सांगतायत!" त्यांच्या हेडलाइनमध्ये ॲमेझॉन हा शब्दच नव्हता.

मग मी विचारलं, नेमकं बिघडतं कुठे? एवढा वेळ जपून बोलणाऱ्या बाई इथे सुसाट सुटल्या. समजा सेलरची विक्री १०,००० डॉलरची झाली. ॲमेझॉन त्यातून रेफरल फी म्हणजे कमिशन १,५०० कापतं, वेअरहाउस आणि डिलिव्हरीची फी २,०००, रिफंड ५००, जाहिरातीचे ६००, वर ४०० रिझर्व्ह म्हणून अडकवून ठेवतं. बँकेत येतात ५,०००. आता आधीच्या बुककीपरने क्विकबुक्स या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ५,०००च विक्री म्हणून टाकलेले असतात. म्हणजे हिशोबात विक्री निम्मी, फीचा खर्च शून्य, आणि रिझर्व्हचे ४०० कुठेच नाहीत. पैसे साधारण दोन आठवड्यांनी सेटल होतात म्हणून महिनाअखेरीला एक सेटलमेंट दोन महिन्यांत विभागली जाते, तो घोळ वेगळा. बाई काय करतात, तर मध्ये एक क्लिअरिंग अकाउंट, म्हणजे विक्री आणि बँक यांच्यामधलं तात्पुरतं खातं, ठेवतात, सेटलमेंट रिपोर्टवरून विक्री, फी, रिफंड सगळं वेगवेगळं नोंदवतात, डिपॉझिट त्या अकाउंटमधून जातं, आणि शेवटी तिथे जेवढे पैसे ॲमेझॉनकडून यायचे बाकी तेवढेच उरले पाहिजेत. नाही उरले तर चूक कुठल्या सेटलमेंटमध्ये आहे ते पण त्यावरूनच सापडतं.

मी म्हटलं, झाली तुमची समरी, आता फक्त लिहायची.

हेडलाइनवर मात्र बराच वेळ गेला. पहिला प्रयत्न त्यांचाच, "विक्री आणि बँक जुळत नाही? मी आहे ना". दुखणं बरोबर पकडलेलं, पण यात ना ॲमेझॉन ना क्विकबुक्स, म्हणजे सर्चमध्ये हे वर यायला क्लायंट टाइप करतो तो शब्दच नाही. नुसते टूलचे शब्द ठेवले तर पुन्हा गर्दीत, आणि नुसता प्रश्न ठेवला तर कुणाला दिसणारच नाही, दोन्ही एकाच ओळीत बसवावं लागतं. शेवटी ठरलं ते मराठीत सांगायचं तर "ॲमेझॉन डिपॉझिट क्विकबुक्सशी जुळत नाही? मी जुळवून देते | बुककीपर". मूळ इंग्रजीत आहे, ७० मध्ये जेमतेम बसलं. रिकन्सिलिएशन स्पेशालिस्ट, म्हणजे हिशोब जुळवणारा तज्ज्ञ, हा त्यांचा आवडता शब्द मी घेऊ दिला नाही, एकाही क्लायंटच्या मेसेजमध्ये तो नव्हता.

समरीच्या पहिल्या दोन ओळी: "बँकेत आलेली रक्कम सेल्स रिपोर्टशी जुळत नाही आणि सीपीए कारण विचारतोय? बहुतेक वेळा फी आणि रिफंड कापून आलेली रक्कमच विक्री म्हणून नोंदवलेली असते." क्लायंटला इथेच कळतं की हिला माझा प्रॉब्लेम माहीत आहे. त्याखाली १०,००० आणि ५,००० वालं उदाहरण चार ओळीत, मग त्या काय करतात, शेवटी क्लायंटच्या हातात काय पडतं. एक पूर्ण केलेलं काम पण टाकलं, क्लायंटचं नाव न घेता. त्यांना "१००% अचूक" लिहायचं होतं, ते मी काढायला लावलं, कारण ते कुणीही लिहितं आणि तपासता येत नाही. टॅक्स रिटर्न भरत नाही हे मात्र स्पष्ट लिहिलं, ते काम सीपीएचं. शेवटची ओळ विनंती: शेवटचा सेटलमेंट रिपोर्ट आणि त्याच्या डिपॉझिटची रक्कम मेसेजमध्ये पाठवा, फरक कुठून येतोय ते मी सांगते. (ईमेल, फोन नंबर प्रोफाइलमध्ये टाकायचे नाहीत, कॉन्ट्रॅक्टआधी अपवर्कच्या बाहेर बोलणं नियमात बसत नाही.)

सेव्ह करताना बाईंचा हात अडखळला. "बाकीची कामं जातील ना?" प्रश्न रास्त होता आणि मी खोटा धीर दिला नाही. पेरोल शोधणाऱ्याला हा प्रोफाइल नको वाटणार, व्ह्यूज कमी होऊ शकतात. म्हणून पेरोलचा स्पेशलाइज्ड प्रोफाइल वेगळा केला आणि सांगितलं की व्ह्यूजचा आकडा बघत बसू नका, आलेल्या मेसेजमध्ये "डिपॉझिट" किंवा "जुळत नाही" येतंय का ते बघा. तसं न येता इन्व्हाइट आलं तर समजायचं की हेडलाइन वाचलीच नाही, किंवा वाचून समजली नाही.

काही आठवड्यांनी त्यांनी मला मेसेज फॉरवर्ड केले. पहिल्याच क्लायंटने रिपोर्ट जोडून लिहिलेलं, "तुम्ही लिहिलंय ते माझंच आहे, रक्कम पण जवळपास तीच." हे बघून मला मनापासून आनंद झाला. डेटा एंट्रीवाले थांबले होते. पण दोन मेसेज असे आले की क्लायंटकडे क्विकबुक्स डेस्कटॉप आहे आणि बाई काम करतात फक्त ऑनलाइनवर, आणि समजावून नाही म्हणण्यात त्यांचा वेळ गेला. हेडलाइनमध्ये आणखी एक शब्द मावत नव्हता, म्हणून समरीची दुसरी ओळ थोडी छाटून तिच्या शेवटी "काम फक्त क्विकबुक्स ऑनलाइनवर" एवढं घातलं.